पीएफचे पैसे पहिल्यांदा काढताना: आधी ‘तुम्हीच तुम्ही’ हे सिद्ध करा

आजचा भाग थोडा सरकारी वाटेल, पण तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी वर्ष-दोन वर्षं नोकरी करून सोडली असेल आणि पीएफ खात्यात काही हजार रुपये तसेच पडून असतील. ‘काढू कधीतरी’ असं म्हणत आपण थांबतो, आणि खरी गरज पडते तेव्हा पोर्टल उघडून बसतो. मग कळतं की पैसे आपले आहेत, पण आपण आपणच आहोत हे आधी सिद्ध करावं लागतं.

मी कामाने सॉफ्टवेअरवाला आहे, ईपीएफओचा माणूस नाही. पण मित्रमंडळी आणि नातेवाईक मिळून दहा-बारा जणांचे पहिले क्लेम मी शेजारी बसून भरलेत. त्यातून एक गोष्ट स्पष्ट दिसली. क्लेमचा फॉर्म भरायला दहा मिनिटं लागतात. अडकतं ते त्याच्या आधी, ओळख पटवण्यात. म्हणून आज फक्त त्यावर बोलू: पहिल्यांदा पैसे काढण्याआधी काय काय तपासलं जातं, आणि कुठला कागद कुठे चालतो.

उदाहरण माझ्या मावसबहिणीचं घेतो. खरं नाव सांगत नाही, आपण तिला स्नेहल म्हणू. २०२१ च्या मध्यात ती पुण्यात एका कंपनीत लागली. सत्तावीस महिने काम केलं, लग्न झालं, नोकरी सोडली आणि इचलकरंजीला गेली. दीड वर्षाने तिला पार्लरसाठी एक गाळा मिळत होता. डिपॉझिट साठ हजार, एक तारखेच्या आत द्यायचं. हातात होते वीस. ती म्हणाली, “दादा, माझा पीएफ आहे ना, तो काढून दे.”

आधी किती पैसे आहेत ते बघितलं. तिचं बेसिक १५,००० होतं. त्याचे १२ टक्के म्हणजे १,८०० रुपये दर महिन्याला तिच्या पगारातून कापले जायचे. कंपनीही १,८०० भरायची, पण त्यातले १,२५० पेन्शनच्या खात्यात जातात आणि ५५० पीएफमध्ये. म्हणजे पीएफमध्ये महिन्याला २,३५०. सत्तावीस महिन्यांचे ६३,४५०, आणि व्याज धरून जवळपास ७७ हजार. पेन्शनचा भाग वेगळा असतो, त्याचे नियम वेगळे, तो आज बाजूला ठेवू.

पैसे होते, नोकरी सोडून दीड वर्ष झालेलं. तरी ते सरळ निघाले नाहीत. का, ते बघू.

तीन प्रश्न, तीन कागद

पैसे देण्याआधी ईपीएफओला तीन प्रश्नांची उत्तरं हवी असतात. मागणारी व्यक्ती खरंच खातेदार आहे का? पैसे ज्या बँक खात्यात जाणार ते तिचंच आहे का? आणि कर कापायचा तर कुणाच्या नावावर?

पहिल्याचं उत्तर आधार, दुसऱ्याचं बँक खातं, तिसऱ्याचं पॅन. बाकीचे सगळे कागद, म्हणजे दहावीचं मार्कशीट, पासपोर्ट, लग्नाचा दाखला, हे या तिघांत काही विसंगती असेल तर ती दुरुस्त करायला लागतात. एवढं डोक्यात ठेवलं की अर्धा गोंधळ संपतो. लोक पहिल्याच दिवशी फाइलभर झेरॉक्स घेऊन बसतात. त्याची गरज नाही. आधी विसंगती कुठे आहे ते शोधा, मग त्यापुरता कागद.

या सगळ्याला बांधणारा धागा म्हणजे यूएएन, तुमचा बारा आकडी नंबर. तो पगाराच्या स्लिपवर असतो. नोकरी बदलली तरी तो बदलत नाही, बदलला नाही पाहिजे. दोन कंपन्यांनी दोन वेगळे यूएएन काढून ठेवले असतील तर आधी ते एकत्र करून घ्या, मगच पुढे.

तुमच्या यूएएनला काय काय जोडलेलं आहे हे बघायला लॉगिनसुद्धा लागत नाही. नोंदवलेल्या मोबाइलवरून 7738299899 या नंबरवर असा मेसेज पाठवायचा:

```
EPFOHO UAN MAR
```

शेवटचं MAR म्हणजे मराठी. उत्तरात तुमच्या खात्याची आणि केवायसीची माहिती येते. उत्तरच आलं नाही तर तुमचा मोबाइल यूएएनला जोडलेला नाही असं आधी समजा.

आधार: कार्ड नाही, मोबाइल महत्त्वाचा

ऑनलाइन क्लेममध्ये आधार कार्डाचा फोटो कुणी मागत नाही. मागतात तो ओटीपी. आणि तो ओटीपी यूएएनला जोडलेल्या नंबरवर नाही, आधारला जोडलेल्या नंबरवर येतो. हे दोन नंबर वेगळे असू शकतात, आणि आपल्याकडे फार वेळा असतात. कॉलेजात असताना आधारला वडिलांचा नंबर दिलेला असतो, किंवा एखादं सिम बंद पडलेलं असतं. सगळं बरोबर भरून शेवटच्या बटणावर आलात आणि ओटीपी बंद सिमवर गेला, की तिथेच थांबलात.

म्हणून पहिलं काम हेच. आधारला कुठला मोबाइल आहे ते तपासा. यूआयडीएआयच्या वेबसाइटवर ईमेल-मोबाइल पडताळण्याची सोय आहे, तिथे कळतं. नंबर जुना असेल तर आधार केंद्रावर जाऊन बदलून घ्या. त्यासाठी दुसरा कुठला पुरावा लागत नाही, तुमचे बोटांचे ठसेच पुरतात.

मला नेहमी विचारतात, “आधार नको, पासपोर्ट किंवा ड्रायव्हिंग लायसन्स दिलं तर चालेल का?” ऑनलाइन क्लेमला नाही चालत. कागदी क्लेमचे दोन फॉर्म आहेत, एक आधारवाला आणि एक बिनआधारचा. बिनआधारच्या फॉर्मवर कंपनीची सही-शिक्का घ्यावा लागतो. म्हणजे जुन्या एचआरच्या मागे लागणं आलं. तो रस्ता आहे, पण लांबचा.

नाव: आपल्याकडचा खास घोळ

आता खरी अडचण. मराठी माणसाच्या नावाचे तीन भाग असतात आणि प्रत्येक कागदावर त्यांची जागा बदलते. दहावीच्या मार्कशीटवर आडनाव आधी. आधारवर बहुतेक वेळा स्वतःचं नाव आधी. पॅनवर कधी वडिलांचं नाव मध्ये, कधी नुसतं आद्याक्षर. एचआरने जॉइनिंगच्या दिवशी समोर जो कागद होता त्यावरून टाइप केलं. आपल्याला वाचताना माणूस एकच दिसतो. पण मी रोज कोड लिहितो म्हणून सांगतो, कॉम्प्युटरला ती वेगवेगळी अक्षरांची माळ दिसते.

मुलींच्या बाबतीत लग्नानंतर मधलं नाव आणि आडनाव दोन्ही बदलतं. स्नेहलचं हेच झालेलं. एक कागद घेऊन आम्ही चार ओळी लिहिल्या:

```
UAN     : SNEHAL VIJAY PATIL
PAN     : SNEHAL VIJAY PATIL
Aadhaar : SNEHAL AMIT JADHAV
Bank    : SNEHAL AMIT JADHAV
```

ही चार ओळींची यादी तुम्हीही करा. कार्डावरून वाचून, अक्षर न् अक्षर. ‘साधारण सारखंच आहे’ असं म्हणू नका. Y आणि I, एक A की दोन A, मधलं आद्याक्षर, सगळं जसंच्या तसं लिहा.

यादी केली आणि चित्र दिसलं. नोकरी लागली तेव्हा सगळं माहेरच्या नावाने होतं, म्हणून यूएएन आणि पॅन आपापसात जुळत होते. लग्नानंतर तिने आधार बदललं, नवीन नावाने बँकेत खातं उघडलं, आणि पगाराचं जुनं खातं बंद केलं. मी बसायच्या आधी तिने स्वतःच एकदा नवीन खातं पोर्टलवर जोडायचा प्रयत्न केला होता. ते नामंजूर झालं, कारण बँकेने कळवलेलं नाव जाधव आणि पीएफच्या नोंदीत पाटील.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. तिचं जुनं पगाराचं खातं चालू असतं तर बँकेचा हा अडथळा आलाच नसता, कारण जुनं खातं, यूएएन आणि पॅन, तिन्ही एकाच नावावर होते. म्हणून मी सगळ्यांना सांगतो: नोकरी सोडलीत तरी पीएफ निघेपर्यंत पगाराचं खातं बंद करू नका. लग्न ठरलं असेल आणि नोकरी सोडणार असाल तर पीएफचं काय करायचं ते नाव बदलण्याआधी ठरवा.

स्नेहलकडे तो पर्याय उरला नव्हता. मग सगळे कागद एका नावावर आणायचे. कुठल्या? आधारवर जे आहे त्या. हा नियमच समजा, आधार हा खुंटा, बाकीचे त्याला बांधायचे. उलटं करायला गेलात तर दोनदा फिराल.

पीएफच्या नोंदीतलं नाव बदलायला पोर्टलवर `Manage` मध्ये `Joint Declaration` आहे. ‘जॉइंट’ म्हणजे पूर्वी तुम्ही आणि कंपनी दोघांनी मिळून अर्ज करायचा. जानेवारी २०२५ मध्ये यात मोठी सोय झाली. तुमचा यूएएन १ ऑक्टोबर २०१७ नंतर आधारच्या आधाराने निघालेला असेल, तर नाव, जन्मतारीख, लिंग, आई-वडिलांचं नाव, वैवाहिक स्थिती अशा नोंदी बहुतेक वेळा स्वतःच, कागद न जोडता दुरुस्त करता येतात. काही बाबतींत कंपनीची मान्यता मात्र अजून लागते. यूएएन त्याआधीचा असेल तर दुरुस्ती कंपनीकडून होते. आणि यूएएनला आधार जोडलेलंच नसेल तर कागदी अर्ज कंपनीला द्यायचा, तो ती पुढे पाठवते.

कागद जोडायची वेळ आलीच तर नावासाठी आधारसोबत पॅन, पासपोर्ट, मतदार ओळखपत्र, ड्रायव्हिंग लायसन्स, रेशन कार्ड, फोटो आणि शिक्का असलेलं बँक पासबुक अशा गोष्टी चालतात. लग्नामुळे नाव बदललं असेल तर विवाह नोंदणीचा दाखला हाताशी ठेवा. पत्रिका किंवा फोटो नाही, नोंदणीचा दाखला. तो नसेल तर आधी ग्रामपंचायत किंवा नगरपालिकेतून काढून घ्या, पॅन आणि बँकेतही तोच लागतो.

कंपनीच बंद पडली असेल तर? असं बऱ्याच जणांचं होतं. मग कागदी अर्जावर राजपत्रित अधिकारी किंवा ईपीएफओने मान्य केलेल्या दुसऱ्या व्यक्तीची साक्षांकित सही घेऊन तो आपल्या भागातल्या पीएफ कार्यालयात द्यावा लागतो. वेळ लागतो, पण पैसे बुडत नाहीत.

जन्मतारीख: इथे आधार चालत नाही

हा मुद्दा ऐकून लोक चकित होतात. ओळख म्हणून आधार लागतंच, पण जन्मतारखेचा पुरावा म्हणून ईपीएफओने आधार यादीतून काढून टाकलंय. जानेवारी २०२४ मध्ये तसं परिपत्रक निघालं, यूआयडीएआयनेच सांगितल्यावरून. कारण सोपं आहे. आधार सांगतं की समोरचा माणूस कोण आहे. तो कधी जन्मला हे त्याने नोंदणीच्या वेळी सांगितलेलं असतं, आणि ते प्रत्येक वेळी जन्मदाखला बघूनच लिहिलंय असं नाही. आपल्या आजी-आजोबांच्या आधारवर एक जानेवारी ही जन्मतारीख किती वेळा दिसते, आठवून बघा.

मग जन्मतारखेला काय चालतं? जन्म नोंदणीचा दाखला. सरकारी मान्यता असलेल्या बोर्डाचं किंवा विद्यापीठाचं मार्कशीट, शाळा सोडल्याचा दाखला, दहावीचं प्रमाणपत्र, पण त्यावर नाव आणि जन्मतारीख दोन्ही हवं. पासपोर्ट, पॅन, अधिवास प्रमाणपत्र हेही यादीत आहेत. यातलं काहीच नसेल तर सिव्हिल सर्जनचा वैद्यकीय दाखला आणि सोबत प्रतिज्ञापत्र.

आपल्यासाठी सगळ्यात सोपं म्हणजे दहावीचं प्रमाणपत्र. फक्त त्यावर आडनाव आधी आहे म्हणून घाबरू नका. इथे तो कागद तारखेसाठी दिलाय, नावाच्या क्रमासाठी नाही. पण त्यावरचं स्पेलिंग आधारपेक्षा अगदीच वेगळं असेल तर विचारणा होऊ शकते.

स्नेहलची तारीख सगळीकडे एकच होती. तेवढं एक सुख.

बँक: खातं तुमचं, आणि आयएफएससी आजचा

बँकेच्या बाबतीत एप्रिल २०२५ पासून दोन कटकटी गेल्या. चेकचा किंवा पासबुकचा फोटो अपलोड करायची अट पूर्ण काढून टाकली. आधी फोटो अंधूक आहे, चेकवर नाव छापलेलं नाही, एवढ्यावरून क्लेम परत यायचे. आणि बँक खातं जोडताना कंपनीची मान्यता लागायची, तीही गेली. आता खाते क्रमांक आणि आयएफएससी टाकून आधार ओटीपीने मान्य केलं की पडताळणी थेट बँकेकडून होते.

याचा अर्थ तपासणी सैल झाली असा नाही. आधी एक माणूस चेकवरचं नाव वाचायचा, आता बँकेच्या नोंदीतलं नाव थेट तुलनेला येतं. माणूस थोडं समजून घेतो, नोंद घेत नाही. म्हणून पासबुकवर काय छापलंय यापेक्षा बँकेच्या सिस्टिममध्ये काय आहे ते विचारा. शाखेत जाऊन म्हणा, “माझं नाव केवायसीत जसं आहे तसं दाखवा.”

खातं फक्त तुमच्या एकट्याच्या नावाचं असेल तर उत्तम. वडिलांबरोबरचं किंवा भावाबरोबरचं संयुक्त खातं देऊ नका. आणि आयएफएससी जुन्या पासबुकवरून उतरवू नका. देना बँक एप्रिल २०१९ मध्ये बँक ऑफ बडोदात गेली, सिंडिकेट बँक २०२० मध्ये कॅनरात गेली, त्यांचे कोड बदलले. घरात अजून जुनी पासबुकं असतात, त्यावरून उतरवलं की पुन्हा नामंजूर.

पॅन: न जोडल्यास पैसे अडत नाहीत, कमी होतात

पॅनचा संबंध कराशी. सलग पाच वर्षं नोकरी झालेली नसेल आणि काढायची रक्कम ५०,००० किंवा जास्त असेल, तर टीडीएस कापला जातो. पॅन जोडलेलं असेल तर १० टक्के, नसेल तर २० टक्के. स्नेहलच्या ७७ हजारांवर हिशोब करा. पॅनसह सुमारे ७,७००, पॅनशिवाय १५,४००. एका न जोडलेल्या कार्डाची किंमत सुमारे सात हजार सातशे.

तुमचं एकूण उत्पन्न करपात्रच नसेल तर तसं स्वयंघोषणापत्र, जे इतकी वर्षं १५जी नावाने ओळखलं जातं, क्लेमसोबत देता येतं आणि कापणी टळते. पण त्यासाठीही पॅन वैध हवं. आणि पॅन-आधार लिंक नसल्याने पॅन निष्क्रिय झालं असेल तर ते असून नसल्यासारखंच. आयकराच्या पोर्टलवर लिंकची स्थिती एका मिनिटात दिसते, आधी ती बघा.

स्नेहलचं पॅन जुन्या नावाचं होतं. यूएएन जाधव केलं आणि पॅन पाटील राहिलं तर अडचण तिथे सरकली असती. म्हणून विवाह दाखला जोडून पॅनवरचं नाव बदलायचा अर्ज त्याच दिवशी केला. नवीन नाव लागायला दोन आठवडे गेले. सगळ्यात जास्त वेळ यातच गेला.

एक नोंद लोक विसरतात

केवायसी सगळं हिरवं दिसतंय, तरी पूर्ण रक्कम काढायचा पर्यायच येत नाही, असंही होतं. कारण नोकरी सोडल्याची तारीख नोंदलेली नसते. ईपीएफओच्या दृष्टीने तुम्ही अजून नोकरीत आहात. हे कंपनीने करायचं असतं, पण बऱ्याच कंपन्या विसरतात. शेवटचा हप्ता जमा होऊन दोन महिने झाले की `Manage` मधल्या `Mark Exit` वरून आधार ओटीपीने तुम्ही स्वतः तारीख टाकू शकता. ती शेवटचा हप्ता ज्या महिन्याचा आहे त्याच महिन्यातली टाका. घाईत चुकीची तारीख टाकू नका, नंतर बदलायला पुन्हा जॉइंट डिक्लरेशन.

नोकरीत असतानाच आजारपण, शिक्षण, लग्न अशा कारणाने थोडी रक्कम काढायची असेल तर सोडल्याची तारीख लागत नाही. तो फॉर्म ३१. पूर्ण हिशोबासाठी फॉर्म १९. किती काळ थांबायचं, कितपत काढता येतं याचे नियम बदलतायत, ऑक्टोबर २०२५ मध्ये ईपीएफओच्या विश्वस्त मंडळाने त्यात मोठे बदल ठरवले, त्यामुळे अर्जाच्या दिवशी पोर्टलवर जे दिसतंय तेच खरं धरा. ओळख पटवायचा भाग मात्र दोन्ही फॉर्मना सारखाच.

क्लेमच्या दिवशी

सगळं जुळलं की मग क्लेम. `Online Services` मध्ये `Claim (Form-31, 19, 10C & 10D)`. तिथे तुमचा खाते क्रमांक पुन्हा टाकायला सांगतात. नोंदलेल्या खात्याशी जुळला तरच पुढे जाता येतं. हमीपत्र मान्य करा, फॉर्म निवडा, पत्ता भरा, आधार ओटीपी टाका, झालं. पुढे `Track Claim Status` मध्ये स्थिती दिसते. नामंजूर झाला तर कारण तिथेच लिहिलेलं असतं. ते पूर्ण वाचा. नाव जुळत नाही म्हणतंय, की जन्मतारीख, की बँक? कारण न वाचता तोच क्लेम तीनदा टाकणारे मी पाहिलेत. तिन्ही वेळा तेच उत्तर येतं.

पूर्ण अर्ज आल्यापासून २० दिवसांत निकाल लावायचा असा नियम आहे. त्यापुढे गेलं तर `epfigms.gov.in` वर तक्रार नोंदवा, क्लेमचा नंबर देऊन, दोन ओळीत.

मधल्या काळात स्नेहलला एकजण भेटला होता. “ताई, आठ हजार द्या, आठ दिवसांत काढून देतो. फक्त मोबाइलवर आलेला नंबर सांगा.” तिने मला फोन केला म्हणून बरं. पोर्टलवरच्या या कुठल्याही कामाला ईपीएफओ फी घेत नाही. आणि तो ‘मोबाइलवर आलेला नंबर’ म्हणजे तुमची सही. ज्याच्याकडे तुमचा पासवर्ड आणि ओटीपी, तो तुमच्या नावाने बँक खातं बदलू शकतो. ओटीपी तुम्हीच टाकायचा, तुमच्याच हाताने. मी शेजारी बसतो तेव्हाही स्नेहल स्वतःच टाइप करत होती.

तिचं पुढे काय झालं? एक तारीख चुकली. आम्ही गाळ्याच्या मालकांना भेटलो, यूएएनवरचं बदललेलं नाव आणि पॅनच्या अर्जाची पावती दाखवली. त्यांनी वीस हजार घेतले आणि बाकीच्याला महिनाभर थांबायला तयार झाले. पॅन आलं, बँक जोडली, क्लेम टाकला, आणि पैसे आले. गाळा गेला नाही. पण हीच चार ओळींची यादी तिने नोकरी सोडताना केली असती, तर जुन्या खात्यावरच काम झालं असतं.

म्हणून क्रम एकदा परत सांगतो. पहिला आधारचा मोबाइल. मग चार ओळींची यादी: यूएएन, आधार, पॅन, बँक. विसंगती असेल तर आधी पॅनचा अर्ज टाका, कारण त्याला वेळ लागतो, आणि तो चालू असतानाच यूएएनची दुरुस्ती करा. त्यानंतर बँक जोडा. मग सोडल्याची तारीख बघा. क्लेम सगळ्यात शेवटी.

यादी करताना काही वेगळंच अडलं, उदाहरणार्थ वडिलांचं नावच चुकलंय किंवा दोन यूएएन निघाले, तर व्हॉइस नोट पाठवा. फक्त त्यात यूएएन, आधार किंवा पॅनचे आकडे बोलू नका. अडचण सांगा, आकडे स्वतःकडे ठेवा. पुढच्या भागात पेन्शनच्या त्या १,२५० रुपयांचं काय होतं, ते बघू. भेटू.